धनुर्वाताची लस शरीराला काय शिकवते? विज्ञान मंडळातल्या आकृतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेत विज्ञान मंडळाच्या सभेत नववीतल्या एका मुलीने लस कशी काम करते याची आकृती फळ्यावर लावून भाषण केलं. सभेनंतर मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुढच्या वर्षी हीच आकृती घेऊन बोलणाऱ्या मुलांनाही ती उपयोगी पडावीत म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

आकृतीत नेमकं काय दाखवलं आहे?

वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे पाच चौकटी आहेत. पहिलीत दंडाच्या स्नायूत टोचलेली लस, दुसरीत तिथे आलेली डेंड्रायटिक पेशी, तिसरीत काखेतली लसिका ग्रंथी आणि तिच्यातल्या टी आणि बी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी. चौथीत प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी, आणि पाचवीत मागे उरणाऱ्या स्मृतिपेशी. खालच्या अर्ध्या कागदावर एक आलेख आहे. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, आणि मधे संरक्षणाची किमान पातळी दाखवणारी तुटक रेघ. बहुतेक प्रश्न तिसऱ्या चौकटीवर आणि या आलेखावर आले. ते बरोबरच आहे, कारण खरं शिक्षण तिसऱ्या चौकटीत होतं आणि ते किती झालं हे आलेखात दिसतं.

इतके आजार असताना धनुर्वातच का घेतला?

एक कारण अगदी जवळचं आहे. ही लस मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी घटसर्पाच्या लसीबरोबर एकत्र, टीडी नावाने मिळते, म्हणजे पाचवी आणि दहावीच्या आसपास. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या दंडात ती जाऊन आलेली असते. दुसरं कारण आपल्या मातीचं. धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, बीजाणूंच्या रूपात मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं टिकून राहतो. शेणखत टाकलेल्या खाचरात अनवाणी लावणी करणाऱ्या माणसाची त्याच्याशी गाठ पडणं काही नवलाचं नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. लस शरीराला जंतू ओळखायला शिकवते, असं आपण सरसकट म्हणतो. या लसीबाबतीत ते वाक्य थोडं दुरुस्त करावं लागतं, आणि ते का हे समजलं की आकृती पाठ करण्याची गरज उरत नाही.

मग ही लस जंतू ओळखायला शिकवत नाही का?

जंतू नाही, जंतूने बनवलेलं विष ओळखायला शिकवते. धनुर्वाताचा जंतू शरीरभर पसरत नाही. खोल जखमेत जिथे हवा पोहोचत नाही, तिथे बीजाणू उगवतो, जागच्या जागी वाढतो आणि टेटॅनोस्पाझ्मिन नावाचं एक प्रथिन सोडतो. हे विष मज्जातंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत जातं. स्नायूंना "आता सैल हो" असा निरोप देणाऱ्या ज्या चेतापेशी तिथे असतात, त्यांचा निरोपच ते बंद पाडतं. स्नायू आवळतात आणि आवळलेलेच राहतात. आधी दातखीळ बसते, मग मान आणि पाठ ताठ होते. अंग धनुष्यासारखं वाकतं, त्यावरूनच आपल्याकडचं नाव पडलं.

म्हणून आपल्या आकृतीतल्या पहिल्या चौकटीत जंतूचं चित्र नाही. तिथे लहान लहान गोळे काढले आहेत, आणि त्यांच्याशेजारी "विषाचं निर्धोक केलेलं प्रथिन" असं लिहिलं आहे. गोवराच्या लसीची आकृती काढायची असती तर तिथे दुबळा केलेला विषाणूच काढावा लागला असता. भाषण करणाऱ्याने हा फरक सुरुवातीलाच सांगून टाकावा.

विषच टोचलं तर त्रास कसा होत नाही?

विषाचं प्रथिन फॉर्मॅल्डिहाइडमध्ये काही आठवडे ठेवतात. फॉर्मॅल्डिहाइडमुळे प्रथिनाच्या साखळीत नवे बंध तयार होतात आणि त्याची विषारी क्रिया संपते, पण त्याच्या पृष्ठभागाचा बराचसा आकार तसाच राहतो. अशा प्रथिनाला टॉक्सॉइड म्हणतात. नांग्या मोडलेला खेकडा दिसायला खेकडाच असतो, फक्त चावू शकत नाही, तसं हे आहे. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये गास्ताँ रामाँ या शास्त्रज्ञाने ही पद्धत बसवली आणि आजही लस मुळात त्याच वाटेने तयार होते.

दंडात टोचलेली लस काखेत कशी पोहोचते?

अर्ध्या मिलिलिटर लसीत टॉक्सॉइड ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटवलेलं असतं. त्यामुळे ते टोचलेल्या जागी थोडा वेळ रेंगाळतं आणि तिथे किंचित दाह होतो. दंड दुखतो, थोडा लाल होतो, हात वर करताना कळ येते, ती यामुळेच. हा दाह म्हणजे आकृतीतल्या दुसऱ्या चौकटीला मिळालेलं बोलावणं आहे. तो झाला नाही तर शरीराचं या प्रथिनाकडे फारसं लक्षच जात नाही.

दाहामुळे जमलेल्या पेशींपैकी डेंड्रायटिक पेशी टॉक्सॉइड गिळतात, आत त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून लसिकावाहिनीतून काखेतल्या ग्रंथीकडे निघतात. या प्रवासाला एखाद-दोन दिवस लागतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना ही ग्रंथी वेगळी दाखवायला नको. तिथेही हेच काम जोरात चाललेलं असतं.

कधीच न पाहिलेलं विष बी पेशी ओळखते कशी?

हा सभेतला सगळ्यांत चांगला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटलं. बी पेशी विष पाहून त्याप्रमाणे आपला आकार बदलत नाही. आपल्या शरीरात कोट्यवधी बी पेशी असतात. अस्थिमज्जेत जन्मताना प्रत्येकीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक, म्हणजे बाहेरचं प्रथिन पकडणारा भाग, जनुकांच्या तुकड्यांची उलटसुलट जुळणी होऊन बनतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीचा ग्राहक वेगळा. कुठलं विष, कुठला जंतू भेटणार हे ठाऊक नसतानाच ही सगळी विविधता तयार होऊन बसलेली असते. त्यांतल्या अगदी थोड्या पेशींचा ग्राहक योगायोगाने या टॉक्सॉइडच्या एखाद्या भागाशी जमेल तितपत जुळतो. लस टोचल्यावर शिकण्याची पहिली पायरी म्हणजे या थोड्या पेशींची निवड.

पण नुसतं जुळून भागत नाही. बी पेशी चिकटलेलं टॉक्सॉइड आत घेते, त्याचे तुकडे करते आणि मदतनीस टी पेशीला दाखवते. त्या टी पेशीला हेच तुकडे आधी डेंड्रायटिक पेशीने दाखवलेले असतात. दोघींकडची खूण जुळली तरच टी पेशी बी पेशीला वाढायची परवानगी देते. शरीर चुकून आपल्याच प्रथिनांवर उलटू नये म्हणून ही दुहेरी खात्री आहे. आकृतीत टी आणि बी पेशींच्या मधे दोन्ही टोकांना डोकं असलेला बाण काढला आहे, तो यासाठी. पुष्कळ पुस्तकांतल्या चित्रांत तो एकाच दिशेचा असतो.

परवानगी मिळालेली बी पेशी भराभर विभागते, आणि विभागताना तिच्या ग्राहकाच्या जनुकात मुद्दाम बारीक बदल होत राहतात. काही बदलांनी पकड बिघडते, त्या पेशी मरतात. काहींनी पकड घट्ट होते, त्यांना टॉक्सॉइड जास्त मिळतं, टी पेशींची मदत जास्त मिळते, त्या पुढे जातात. ग्रंथीतल्या एका ठरावीक भागात हे काही आठवडे चालतं. पुढे गेलेल्या या बी पेशींपैकीच काही चौथ्या चौकटीतल्या प्लाझ्मा पेशी होतात आणि काही पाचवीतल्या स्मृतिपेशी. म्हणजे पहिल्या आठवड्यातली प्रतिपिंडं आणि दोन महिन्यांनंतरची प्रतिपिंडं एकाच विषाविरुद्धची असली तरी त्यांची पकड सारखी नसते. भाषणात वेळ कमी असेल तर बाकी चौकटी एकेका वाक्यात उरका, पण इथे थांबा.

प्रतिपिंडं विषाला मारतात का?

प्रथिनाला मारायचं काय! प्रतिपिंड विषाला अशा ठिकाणी चिकटतं की त्याला मज्जातंतूला धरताच येत नाही. टेटॅनोस्पाझ्मिनचा मोठा भाग मज्जातंतू पकडतो आणि लहान भाग आत शिरून कात्रीचं काम करतो. पकडणारा भागच झाकला गेला की कात्री आत पोहोचत नाही. मग झाकलेलं विष दुसऱ्या पेशी गिळून टाकतात. यात जंतूला थेट काहीच होत नाही, तो जखमेत असतो तसाच असतो. त्याच्यासाठी जखम धुणं, मेलेलं मांस काढणं आणि डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक हा वेगळा मार्ग आहे. म्हणून चौथ्या चौकटीत तलवारी घेतलेले सैनिक काढू नयेत. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रतिपिंड विषाच्या एका टोकाला चिकटलेलं दाखवलं की पुरे.

आलेखात पहिल्या डोसची उडी इतकी बुटकी का?

पहिल्या वेळी जुळणाऱ्या पेशी मोजक्याच असतात आणि सगळं शिक्षण पहिल्यापासून व्हायचं असतं. आठवडाभर आलेख जवळजवळ सपाट राहतो, मग थोडा चढतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तुटक रेघेच्या आसपासच घुटमळतो. चार आठवड्यांनी दुसरा डोस दिला की तयार असलेल्या स्मृतिपेशी लगेच कामाला लागतात आणि रेघ ओलांडली जाते. तिसऱ्या डोसनंतर उडी मोठी असते आणि उतार सावकाश.

उतार सावकाश का, हेही सांगायला हवं. रक्तातलं एकेक प्रतिपिंड काही वर्षानुवर्षं टिकत नाही, साधारण तीन आठवड्यांत त्यांतलं निम्मं नाहीसं होतं. तरी पातळी टिकते, कारण काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि तिथून अनेक वर्षं नवी प्रतिपिंडं सोडत राहतात. तिसरा डोस चांगला काय करतो, तर अशा मुक्कामी पेशींची संख्या वाढवतो.

आलेख काढताना एक काळजी घ्या. उभ्या अक्षावर 0.01, 0.1, 1, 10 असे दसपटीचे टप्पे आहेत. मिलिलिटरमागे 0.01 आंतरराष्ट्रीय एकक ही किमान रेघ मानतात. साधे सारखे टप्पे घेतले तर पहिला डोस दिसणारच नाही आणि तो वाया गेला असं बघणाऱ्याला वाटेल.

स्मृतिपेशी आहेत, तर पुन्हा पुन्हा डोस कशाला?

कारण धनुर्वातात वेळ कमी पडतो. स्मृतिपेशींना जाग येऊन त्यांच्यापासून पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. आजाराची लक्षणं जखमेनंतर 3 ते 21 दिवसांत दिसतात, बहुधा आठव्या दिवसाच्या आसपास, पण विष मज्जातंतूत शिरायला सुरुवात त्याआधीच झालेली असते. एकदा ते आत गेलं की प्रतिपिंडं तिथे पोहोचू शकत नाहीत. म्हणून इथे स्मृती असून भागत नाही, रक्तात प्रतिपिंडं आधीपासून तयार लागतात. तुटक रेघेच्या खाली आलेख उतरू नये, एवढ्यासाठीच नंतरचे डोस आहेत. ज्या आजारांत जंतू शरीरात वाढायला आठवडे घेतो, तिथे हिशोब वेगळा असतो. ही आकृती सगळ्या लसींना जशीच्या तशी लावू नये.

ज्याला धनुर्वात होऊन गेला, त्याला लस लागते का?

लागते. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, म्हणून हे ऐकून लोक चकित होतात. हिशोब करून बघू या. हे विष माणसाच्या वजनाच्या किलोमागे सुमारे 2.5 नॅनोग्रॅम इतकं असलं तरी जीव घेऊ शकतं, असा अंदाज आहे. 50 किलोच्या माणसाला 125 नॅनोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅमचा आठवा हिस्सा. लसीच्या एका डोसात टॉक्सॉइड 10 मायक्रोग्रॅमच्या घरात किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे शरीराला शिकवायला जेवढं प्रथिन द्यावं लागतं, त्याच्या ऐंशीव्या हिश्श्यानेही माणूस दगावू शकतो. आजारातून उठलेल्या माणसाच्या शरीराने विष सोसलेलं असतं, पण ते ओळखायला शिकण्याइतकं ते त्याला मिळालेलंच नसतं. म्हणून रुग्ण बरा होत असतानाच त्याची लस सुरू करतात.

लावणीत काटा मोडला, तर दवाखान्यात आकृतीतलं काय काय घडतं?

दोन माणसं घेऊ. दोघांच्याही तळपायात खाचरात करवंदीचा काटा खोल मोडला. जखमेचं तोंड लहान, आत चिखल, आणि हवा नाही.

पहिली दहावीतली मुलगी. तान्हेपणी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, मग दीड-दोन वर्षांचा, पाच-सहा वर्षांचा आणि दहाव्या वर्षीचा डोस, असं सगळं तिच्या कार्डावर आहे. तिचा आलेख तुटक रेघेच्या बराच वर आहे. मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसाला पाच वर्षं होऊन गेली आहेत का, एवढंच डॉक्टर बघतात. गेली असतील तर एक डोस देतात, आणि स्मृतिपेशी काही दिवसांत आलेख वर नेतात. जखम स्वच्छ आणि किरकोळ असती तर हीच मुदत दहा वर्षांची.

दुसरे तिचे पंचावन्न-साठीचे काका. भारतात लसीकरणाचा कार्यक्रम 1978 मध्ये सुरू झाला, त्याआधी त्यांचं बाळपण सरलं. त्यांच्या पिढीतल्या बायकांना गरोदरपणात तरी धनुर्वाताची लस मिळाली, पुरुष मात्र राहून गेले. काकांकडे स्मृतिपेशी नाहीत, त्यामुळे नुसती लस दिली तर पहिल्या डोसची ती बुटकी उडी, तीही उशिरा. म्हणून त्यांना दोन सुया लागतात. एका हाताला लस, दुसऱ्या ठिकाणी धनुर्वातविरोधी इम्युनोग्लोब्युलिन, साधारणपणे 250 एकक. हे दुसऱ्या माणसांच्या रक्तातून घेतलेले तयार प्रतिपिंड. आलेखात त्याची रेघ वेगळ्या रंगाने काढा. ती लगेच वर जाते, पण काही आठवड्यांत खाली येते, कारण ती बनवणाऱ्या पेशी काकांच्या शरीरात नाहीत. ती खाली येईपर्यंत त्यांची स्वतःची रेघ वर यायला हवी. त्यासाठी महिन्याने दुसरा डोस आणि पुढे सहा महिन्यांनी तिसरा घ्यायलाच हवा. काटा निघाला, पाय बरा झाला की लोक हे डोस विसरतात, आणि पुढच्या लावणीला पुन्हा होते तिथेच असतात.

खिळा गंजलेला नसेल तर चालतं ना?

गंजाचा संबंध नाही. बीजाणू मातीचे आणि शेणाचे असतात. काटा, शिंपला, गळ, बांबू, काहीही खोल रुतलं आणि त्यावर माती असली की धोका आहे.

प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन घ्यावं का?

नाही. कार्ड पूर्ण असेल तर गरज नसते. उगाच वारंवार घेतलं तर रक्तात आधीच भरपूर असलेली प्रतिपिंडं टोचलेल्या जागीच टॉक्सॉइडशी गठ्ठे करतात आणि दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजू शकतो. म्हणून कधी घेतलं ते लिहून ठेवा आणि दवाखान्यात दाखवा.

गावातल्या सगळ्यांनी घेतली तर माझं राहिलं तरी चालेल?

या आजारात नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला लागत नाही, मातीतून येतो. शेजाऱ्याच्या रक्तातली प्रतिपिंडं तुमच्या उपयोगाची नाहीत. याला अपवाद एकच, आईच्या पोटातलं बाळ. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात आणि नाळ कापल्यानंतरचे पहिले आठवडे त्याला सांभाळतात. गरोदर बाईला लस देण्याचं हेच कारण, आणि त्याच्या जोडीला स्वच्छ बाळंतपणं वाढल्यामुळे 2015 मध्ये भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं प्रमाणित झालं.

वादळात लाईट गेली तर लस खराब होते का?

लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. कोकणात लोकांना भीती उकाड्याची वाटते, पण या लसीला त्याहून मोठा धोका गोठण्याचा आहे. लाईट गेल्यावर घाईघाईत कुपी थेट बर्फाच्या पिशवीला टेकवली तर लस गोठते. मग ॲल्युमिनियमच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. आरोग्यसेविका शंका आली तर कुपी हलवून ठेवतात. गोठून गेलेल्या लसीचा गाळ भराभर तळाशी बसतो आणि वर पाणी स्वच्छ दिसतं. असा साठा वापरत नाहीत. बाहेरून दिसणारी ही खूण आकृतीच्या पहिल्या चौकटीशी जोडलेली आहे, कारण कण बिघडले की दुसऱ्या चौकटीतलं बोलावणंही क्षीण होतं.

दहावीतल्या टीडीच्या वेळी पाचांपैकी कुठली चौकट चालू असते?

सगळ्या चालतात, पण सुरुवात पाचव्या चौकटीपासून होते. लहानपणीच्या डोसांनी तयार झालेल्या स्मृतिपेशी संख्येने जास्त असतात आणि त्यांची पकड आधीच घट्ट असते, म्हणून त्या नव्या बी पेशींच्या आधी टॉक्सॉइड पकडतात. आलेख आठवडाभर सपाट न राहता चार-पाच दिवसांत चढू लागतो. आकृतीत पाचव्या चौकटीतून तिसरीकडे मागे वळणारा एक बाण आहे. सभेत मागच्या बाकांवरून तो नीट दिसला नव्हता, म्हणून आता तो लाल रंगाने ठळक केला आहे.